वाणाचे सेट घाऊक घेताना: आधी रंग ठरवा, मग भाव विचारा

तिळगूळ, हलवा, अत्तरदाणी, गुलाबपाणी, ओटीचे गहू, बोरं, ऊस यांच्याबद्दल मी काही सांगणार नाही, ते सगळ्यांना येतं. ही यादी फक्त वाणाच्या तयार सेटची. म्हणजे पोटली, आत छोटी कोयरी, हळद-कुंकवाची पाकिटं आणि वर नावाचा टॅग.

पहिल्यांदा रथसप्तमी कधी आहे ते बघा. 2025 मध्ये ती 4 फेब्रुवारीला होती, संक्रांतीनंतर तीन शनिवार-रविवार मिळाले. 2026 मध्ये 25 जानेवारीलाच आली आणि दोनच मिळाले. मुंबईत नोकरी करणाऱ्या बायका शनिवार-रविवारीच येणार, त्यामुळे रथसप्तमी लवकर असली की सगळ्या सोसायट्यांची हळदीकुंकवं एकाच संध्याकाळी पडतात आणि सगळ्यांना माल एकाच आठवड्यात हवा असतो. अशा वर्षी डिसेंबरातच ऑर्डर द्या.

आता भाव. अब्दुल रहमान स्ट्रीटला जा, भुलेश्वरला जा नाहीतर मालाडला, घाऊकवाला स्लॅब सांगतो. समजा 12 ते 49 नगांना 110 रुपये, 50 ते 99 ला 95 आणि शंभरापुढे 82. तुमच्या बिल्डिंगच्या बायका आणि पाहुण्या मिळून 85. आपण मनात 85 गुणिले 95 करतो, 8075 होतात, आणि निघतो. थांबा. हा स्लॅब एकूण नगांवर आहे की एका रंगाच्या, एका डिझाइनच्या नगांवर? गेल्या वर्षी आम्ही हेच विचारलं नव्हतं. पोटल्या राणी, मोरपंखी आणि केशरी अशा तीन रंगांत घेतल्या, 35, 25 आणि 25. दुकानदाराच्या हिशोबी त्या तीन छोट्या ऑर्डरी होतात. तिन्हींना 110 चा भाव, बिल 9350. वरचे 1275 रुपये निव्वळ हौसेचे.

एकाच रंगाचे शंभर घेतले असते तर 8200 झाले असते. म्हणजे 85 च्या 8075 रुपयांच्या बिलात फक्त 125 रुपये घातले की पंधरा सेट जास्त मिळतात, आणि आयत्या वेळी जावेबरोबर तिची बहीण आली तरी धावपळ नको. तेव्हा स्लॅबच्या काठावर असाल तर पुढच्या स्लॅबचा हिशोब करूनच बघा. पण रंग एकच. हौस असेल तर नाडी वेगळी लावा, टॅग वेगळा लावा, पोटली एकच.

दुसरं, भाव भरलेल्या सेटचा आहे का ते विचारा. कधी कधी तो नुसत्या पोटलीचा आणि कोयरीचा असतो. हळद-कुंकू, भरणावळ, टॅग, जीएसटी हे नंतर एकेक करून बाहेर येतं. आणि हो, भरलेल्या सेटलाही तोच प्रश्न: स्लॅब एका रंगावर की एकूण?

टॅगच्या छपाईचं गणित वेगळं. सोनेरी फॉइल हवी असेल तर ठसा करावा लागतो, त्याचा खर्च पन्नास टॅगना आणि दोनशे टॅगना तोच. म्हणून थोड्या नगांना साधी डिजिटल छपाई परवडते. मजकूर टाइप करूनच पाठवा, तरी छापखान्याच्या फाँटमध्ये ‘हार्दिक’चा रफार उडतो, ‘संक्रांत’मधला क्र फुटतो. स्क्रीनवरचं चित्र पाहून हो म्हणू नका, छापलेल्या एका टॅगचा फोटो मागवा. साल छापू नका. उरलेले सेट चैत्राच्या हळदीकुंकवाला चालतात, साल छापलं की ते कपाटात पडतात.

नमुन्याचा एक भरलेला सेट घरी आणा, पिशवीत टाकून दिवसभर हिंडवा. कुंकवाची पाकिटं उष्णतेने सीलबंद केलेली नसतील, नुसती पिन मारलेली असतील, तर फिक्या सॅटिनवर संध्याकाळपर्यंत लाल डाग दिसतो. कोयरीत सुटं कुंकू भरून घेऊ नका, झाकण सैल असतंच.

ॲडव्हान्स दिलात की चिठ्ठीवर रंग, नग, भाव आणि तारीख लिहून घ्या. रंग लिहायचाच. ‘असॉर्टेड’ असं लिहिलेलं दिसलं तर तिथेच खोडायला लावा, नाहीतर पुन्हा तेच तीन रंग आणि तोच 110 चा भाव.

माल दुकानातच मोजा. शंभर सेट घेऊन संध्याकाळच्या लोकलमध्ये चढू नका, दुपारी जा किंवा टॅक्सी करा. बाकी बोरं, फुलं आदल्या दिवशी दादरला.