चिरलेली नळी पिळताना या चुका टाळा

कागदाची सुरळी करून तिच्या जोडावर उभी चिकटपट्टी लावा आणि दोन्ही टोकं धरून पिळून बघा. सुरळी हाताला चांगलीच ताठ लागते. आता तीच पट्टी ब्लेडने उभी चिरा आणि पुन्हा पिळा. कागद तोच, जाडी तीच, पण जोडाच्या दोन कडा एकमेकींना घासत पुढे-मागे सरकतात आणि सुरळी सहज वळते. पोलादी पाइपातही नेमकं हेच घडतं, फक्त तिथे ते डोळ्यांना लगेच दिसत नाही, आणि चुका होतात त्या इथेच.

सर्वांत मोठी चूक म्हणजे दोन्ही नळ्यांना एकच सूत्र लावणं. चिरेने धातू जवळजवळ काहीच कमी होत नाही, त्यामुळे काटछेदाचा ध्रुवीय जडत्वाघूर्ण तेवढाच येतो आणि तो `J` म्हणून सर्रास वापरला जातो. पण पिळाच्या ताठपणाचा `J` वेगळा असतो. `r` ही मध्यरेषेची त्रिज्या आणि `t` ही भिंतीची जाडी धरली, तर:

```
बंद नळी:      J = 2πr³t
चिरलेली नळी:  J = (1/3)(2πr)t³
```

बंद नळीत शिअरचा प्रवाह भिंतीतून गोल फिरतो आणि केंद्रापासून `r` एवढ्या हाताने पीळ पेलतो. चिरेच्या कडेवर मात्र शिअर शून्यच असावा लागतो, कारण पलीकडे धरायला कोणी नाही. मग प्रवाह भिंतीच्या बाहेरच्या अंगाने जातो आणि आतल्या अंगाने परत येतो. त्याला मिळणारा हात जेमतेम जाडीएवढा.

`r` २५ मिमी, `t` २ मिमी, लांबी १ मीटर, साधं पोलाद (`G` = ८०,००० न्यूटन प्रति चौ. मिमी) आणि पीळ २० न्यूटन-मीटर घेऊ. बंद नळीचा `J` सुमारे १,९६,००० मिमी⁴ येतो, चिरलेलीचा फक्त ४१९. बंद नळी ०.०७ अंश वळते, चिरलेली ३४ अंश. ताठपणात `3(r/t)²`, म्हणजे जवळपास ४६९ पट फरक. शिअर ताण २.५ वरून ९५ न्यूटन प्रति चौ. मिमीवर जातो, म्हणजे `3r/t` = ३७.५ पट. थोडक्यात, ही नळी तुटण्याआधी वळण्यामुळे निकामी ठरते, म्हणून नुसता ताण तपासून थांबू नका.

जाडीही नीट मोजा, आणि रंग खरवडून मोजा. २ ऐवजी १.८ मिमी निघाली तर बंद नळीचा ताठपणा १० टक्क्यांनी घटतो, चिरलेलीचा २७ टक्क्यांनी.

प्रयोगात उलटी तक्रार येते: नळी हिशोबापेक्षा कितीतरी कमी वळली. तेव्हा आधी टोकं बघा. वर दिलेल्या पिळाला चिरेच्या दोन कडा एकमेकींच्या तुलनेत लांबीच्या दिशेने `2πr²` गुणिले प्रति मिमी वळण, म्हणजे सुमारे २.३ मिमी सरकायला हव्यात. टोकाला जाड प्लेट वेल्ड केली की हे सरकणं तिथे बंद होतं आणि नळी हिशोबापेक्षा ताठ वागते. तपासायला सोपं आहे. चिरेवरून मार्करने आडवी रेघ मारा आणि पीळ द्या. नळीच्या मध्यावर रेघ तुटून पुढे-मागे झाली, पण टोकाजवळ जवळपास अखंड राहिली, तर दोष सूत्राचा नाही, पकडीचा आहे. चीर नळीच्या थोड्याच भागात असेल तेव्हाही हेच होतं. दोन्ही बाजूंचे बंद भाग कडांना सरकू देत नाहीत.

चीर बुजवायला चार-दोन टाके मारून मोकळं होऊ नका. बंद नळीसारखं काम हवं असेल तर जोडातून प्रत्येक मिमीला `T/(2A)`, म्हणजे इथे ५.१ न्यूटन शिअर पलीकडे जायला हवा (`T` म्हणजे पीळ, `A` म्हणजे मध्यरेषेने वेढलेलं क्षेत्रफळ). सलग वेल्डला हे काहीच नाही. पण टाके २५० मिमीवर असतील तर एकेका टाक्यावर सुमारे १,२७० न्यूटन येतात, आणि भार उलटसुलट होत असेल तर तडा टाक्याच्या टोकापासून सुरू होतो.

शेवटची चूक अशी, की जिथे पीळ दिलेलाच नाही, तिथे तो नाही असं मानणं. ज्या बिंदूतून भार गेला तर नळी मुरडत नाही, ते शिअर केंद्र चिरलेल्या नळीच्या मध्यात नसतं. ते चिरेच्या विरुद्ध बाजूला, केंद्रापासून `2r` वर, नळीच्याही बाहेर असतं. आडव्या नळीची चीर बाजूला आणि ४०० न्यूटनचा (साधारण ४० किलोचा) भार बरोबर केंद्रातून खाली असेल, तर ५० मिमीच्या हाताने २० न्यूटन-मीटर पीळ आपोआप तयार होतो, म्हणजे वरच्या हिशोबातला तोच. ब्रॅकेट मधोमध बसवूनही नळी मुरडत असेल तर ती फिरवून चीर वर किंवा खाली आणा. भाराची रेषा मग शिअर केंद्रातून जाते आणि मुरडणं थांबतं.