‘यूए १३+’ आणि ‘३+’ : वयाचा आकडा कोण ठरवतं आणि तो कसा वाचायचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच घरांत एकाच फोनवर तीन-चार भाषांची करमणूक चालते. कन्नड सिनेमाचा ट्रेलर, हिंदीत डब केलेला तेलुगू सिनेमा, मराठी मालिका आणि मधल्या वेळेत पोराचा गेम. सिनेमावर वयाचा आकडा असतो, गेमवरही असतो, आणि दोन्ही सारखेच दिसतात. पण ते देणारे वेगळे आणि देण्याची रीतही वेगळी. म्हणून आकडा केवढा आहे हे बघण्याआधी तो दिला कोणी हे बघायचं.

पायरी १ : आकडा कोणाचा?

थिएटरातल्या सिनेमाचा आकडा केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ देतं, ज्याला आपण अजून सेन्सॉर बोर्डच म्हणतो. ओटीटीवरच्या वेबसीरिजला तो प्लॅटफॉर्म स्वतःच देतो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी त्याला वर्गवारी ठरवून दिली आहे, पण प्रत्येक भाग आधी बघणारं सरकारी मंडळ नसतं. प्ले स्टोअरवरच्या गेमचा आकडा गेम बनवणाऱ्याने भरलेल्या प्रश्नावलीतून निघतो. यूट्यूबवरची गाणी, रील्स आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी दृश्यं यांच्यावर यातलं काहीच नसतं.

पायरी २ : सिनेमाचं प्रमाणपत्र वाचा

निर्माता सिनेमा ऑनलाइन अर्जासह मंडळाकडे देतो. मंडळाची नऊ प्रादेशिक कार्यालयं आहेत. कन्नड सिनेमे साधारणपणे बेंगळुरूला, मराठी आणि हिंदी मुंबईला तपासले जातात. मंडळाचा एक अधिकारी आणि सल्लागार मंडळातले सदस्य अशी परीक्षण समिती सिनेमा बघते आणि प्रत्येक सदस्य आपलं मत लेखी देतो. मग निर्मात्याला सांगितलं जातं : आहे तसा हवा असेल तर ‘ए’, अमुक बदल केलेत तर ‘यूए १६+’. मान्य नसेल तर पुनरीक्षण समितीकडे जाता येतं, आणि २०२१ मध्ये अपील न्यायाधिकरण बंद झाल्यापासून त्यापुढची वाट थेट उच्च न्यायालयाची.

इथे पालकांनी लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. हे बदल बहुतेक वेळा सेकंदांचे असतात. एक शिवी म्यूट होते, गळा कापण्याचं दृश्य निम्मं होतं, रक्ताचा क्लोजअप जातो. कथा तीच राहते. मुलासमोर बापाला मारण्याचा प्रसंग असेल, तर चाकू दोन सेकंद कमी दिसला म्हणून आठ वर्षांच्या मुलाची झोप शाबूत राहील असं नाही. कमी वयाचं प्रमाणपत्र म्हणजे जास्त तिकिटं, त्यामुळे निर्मातेही आकडा डोळ्यासमोर ठेवूनच कात्री लावतात. ‘यूए १३+’ मिळालेला सिनेमा कधी सुरुवातीपासून तेवढाच सौम्य असतो, तर कधी ‘ए’च्या उंबरठ्यावरून खाली आणलेला असतो. आकड्यावरून हा फरक कळत नाही.

२०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. त्याआधी, १९८३ पासून, नुसतं ‘यूए’ होतं आणि त्याचा अर्थ बारा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या मार्गदर्शनाखाली, एवढाच. म्हणून जुन्या सिनेमावर साधं ‘यूए’ दिसलं, तर तो आजच्या तिन्हींपैकी कोणत्याही खणात बसू शकतो हे धरून चाला.

दारावरचा नियमही माहीत हवा. ‘ए’ सिनेमाला अठरा वर्षांखालच्याला आई-बाबा सोबत असले तरी प्रवेश नाही. ‘यूए १६+’ला मात्र सात वर्षांचं मूल घेऊन गेलात, तर तिकीट फाडणारा अडवणार नाही. कायद्यानेच ती जबाबदारी फक्त पालकांवर ठेवली आहे. थिएटरवाल्याला ती बजावता येत नाही.

पायरी ३ : तुम्ही बघणार ती आवृत्ती तीच आहे का?

सीमाभागात ही पायरी इतर कुठल्याही जागेपेक्षा जास्त कामाची आहे. एकच सिनेमा आपल्याकडे कन्नडमध्ये लागतो आणि हिंदी डबिंगमध्येही. प्रत्येक भाषेतल्या आवृत्तीला स्वतंत्र प्रमाणपत्र घ्यावं लागतं. संवाद बदलले की शिव्या बदलतात, तपासणारे बदलतात, आणि कधी कापलेली जागाही बदलते. शेजाऱ्यांनी कन्नड खेळ बघून ‘काही नाही, घेऊन जा पोरांना’ म्हटलं, तर ते त्यांच्या आवृत्तीपुरतं खरं.

ओटीटीवर तपासायची सोपी युक्ती म्हणजे लांबी. सिनेमा सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत प्रमाणपत्र दिसतं आणि त्यावर कालावधी लिहिलेला असतो. ओटीटीवरचा कालावधी त्यापेक्षा पाच-सात मिनिटांनी जास्त असेल, तर काढलेली दृश्यं परत आली असण्याचा संभव आहे. फरक सेकंदांचाच असेल तर सोडून द्या.

ओटीटीची एक गोष्ट मात्र थिएटरपेक्षा बरी. तिथे आकड्याशेजारी कारणही द्यावं लागतं : हिंसा, भाषा, भीती, नशा, अनुकरण होईल असं वर्तन वगैरे. ‘१३+’ शिव्यांमुळे आहे की भुतामुळे, हे आकड्यापेक्षा उपयोगाचं आहे. थिएटरात जाण्याआधी तेवढी माहिती मिळत नसेल, तर सिनेमा बघून आलेल्याला ‘कसा आहे?’ असं मोघम विचारू नका. लहान मूल किंवा प्राणी मरतो का, आई-वडिलांवर संकट येतं का, अचानक किंकाळी फुटेल असा अंधारातला प्रसंग आहे का, हे नेमकं विचारा. लहान मुलं बहुधा याच गोष्टींना घाबरतात, आणि यातल्या पहिल्या दोन ‘यू’ सिनेमातही असू शकतात.

पायरी ४ : गेमचा आकडा कसा निघतो ते समजून घ्या

प्ले स्टोअरवर गेम ठेवताना बनवणाऱ्याला ‘आयएआरसी’ या आंतरराष्ट्रीय आघाडीची प्रश्नावली भरावी लागते. हिंसा आहे का? मार खाणारा माणसासारखा दिसतो का? रक्त दिसतं का? भीतिदायक चित्रं, जुगार, शिवीगाळ, नशा? उत्तरं भरली की त्यावरून प्रत्येक प्रदेशाचा आकडा आपोआप तयार होतो. अमेरिकेत तो तिथल्या मंडळाच्या नावाने दिसतो, युरोपात तिथल्या. भारतात ३+, ७+, १२+, १६+, १८+ अशी सर्वसाधारण श्रेणी दिसते. खोटी उत्तरं उघडकीला आली तर आकडा दुरुस्त होतो, पण बहुतेक गेम बाजारात येण्याआधी कोणी पूर्ण खेळून बघितलेले नसतात.

एक कल्पित गेम घेऊ. नाव ‘ट्रॅक्टर शर्यत’. ऊस भरलेल्या ट्रॉल्या घेऊन कारखान्यापर्यंत आधी कोण पोचतो, एवढाच खेळ. ट्रॉली उलटली की चालक उडतो आणि टुणकन उभा राहतो. रक्त नाही, शिवी नाही, भूत नाही. सगळी उत्तरं ‘नाही’. आकडा येतो ३+.

आता हाच गेम जरा जवळून बघू. शर्यत आठ अनोळखी खेळाडूंबरोबर होते आणि थांबण्याच्या वेळेत चॅट सुरू असतं. डिझेल संपलं की चार तास थांबा, नाहीतर पैसे भरा. नवं इंजिन हवं असेल तर ‘नशिबाची पेटी’ विकत घ्या; आत काय निघेल ते उघडल्यावर कळेल. सलग सात दिवस आलात तर सोनेरी ट्रॅक्टर, एक दिवस चुकला तर मोजणी पुन्हा एकपासून. दर तीन शर्यतींनी जाहिरात.

यातल्या चॅटबद्दल आणि खरेदीबद्दल प्रश्नावलीत विचारलेलं असतं, पण त्या उत्तरांनी भारतातला आकडा सहसा वाढत नाही. ती आकड्याखाली बारीक अक्षरांत येतात : Users Interact, In-Game Purchases. नशिबाच्या पेटीसाठी खरेदीच्या शेजारी Includes Random Items असं जोडलेलं असतं. डिझेलचे चार तास आणि सात दिवसांची साखळी यांची नोंद आकड्यात कुठेच नाही. जर्मनीच्या मंडळाने २०२३ पासून अशा गोष्टीही वय ठरवताना धरायला सुरुवात केली. आपल्या फोनवरचा आकडा त्यावर विसंबून वाचता येत नाही.

उलट, याच गेममध्ये चालकाला बंदूक दिली आणि गोळी लागल्यावर लाल रक्त उडालं, तर आकडा वर जाईल. रक्त काढून माणूस नुसता अदृश्य केला तर पुन्हा खाली येईल. खेळणाऱ्याचं काम दोन्हीकडे तेच, नेम धरून मारणं. आकडा पडद्यावर काय दिसतं ते मोजतो. आजोबांच्या फोनवरून तीनशे रुपये गेले, किंवा कुणा परक्याने पोराचा नंबर मागितला, तर ते त्याच्या कक्षेबाहेरचं आहे.

अवघडपणाही तो मोजत नाही. बुद्धिबळाला ३+ असतं. तीन वर्षांचं मूल ते खेळेल असं कोणी म्हणत नाही.

पायरी ५ : फोन हातात घ्या

प्ले स्टोअरवर गेमचं पान उघडून वयाच्या चिन्हावर बोट ठेवा म्हणजे ती बारीक अक्षरं दिसतील. Users Interact असेल तर गेम स्वतः उघडा, आधी सेटिंगमध्ये चॅट बंद करता येतं का ते बघा, आणि मगच मुलाच्या हाती द्या. चॅट बंद करण्याची सोयच नसेल, तर आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी आमच्या मते तो गेम बाद, मग आकडा ३+ असो.

मग प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडच्या प्रोफाइलवरून Settings, त्यात Family, त्यात Parental controls. तिथे पिन टाकून आकड्याची मर्यादा ठरवा. पैशांसाठी त्याच Settings मध्ये Purchase verification आहे. ते प्रत्येक खरेदीला विचारेल असं ठेवा. फोनच्या आवृत्तीनुसार ही नावं थोडी इकडेतिकडे होतात.

ही मर्यादा कुठे गळते तेही बघून ठेवा. आधी उतरवलेले गेम तसेच राहतात, ते हाताने काढावे लागतात. मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर गेम थेट फोनमध्ये बसवणारी एपीके फाइल पाठवली तर प्ले स्टोअरचा आकडा आणि पिन दोन्ही बाजूला पडतात. म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये Install unknown apps शोधा आणि व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल मॅनेजर यांची परवानगी काढा. जाहिराती गेमच्या वयाला साजेशा हव्यात असा नियम आहे खरा, पण त्या बाहेरून येतात आणि सारख्या बदलतात. आकडा ठरला तेव्हा आज रात्री दिसणारी जाहिरात अस्तित्वातही नव्हती, म्हणून सलग दहा मिनिटं स्वतः खेळून बघा.

आणि मे महिन्यात पोरं आजोळी जातात तेव्हा ही सगळी कसरत आजीच्या फोनवर पुन्हा करावी लागते. तुमच्या फोनवरचा पिन तिकडे जात नाही.