कर्मचारी बदलाला अडतात कुठे? एका स्कॅनरची गोष्ट आणि पुढच्या पायऱ्या

संघटन वर्तनाच्या विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट रिपोर्ट माझ्याकडे दर वर्षी येतात. बदलाला विरोध का होतो, या प्रकरणात बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: अज्ञाताची भीती, जुन्या सवयी, वाढलेलं वय. उपायही ठरलेले: प्रशिक्षण द्या, संवाद वाढवा. कारखान्यात पाऊल न टाकता एवढं कोणीही लिहू शकतं, म्हणून मला त्याचा वैताग येतो. बदलापायी माणसाच्या हातचं काहीतरी जात असतं. कोणाचं काय जातंय, हे शोधणं एवढाच या कामातला अवघड भाग आहे. बाकीच्या पायऱ्या मी एकेका ओळीत उरकणार आहे.

उदाहरण आमच्या बडोद्याचंच, मकरपुरा जीआयडीसीतल्या एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्याचं. नाव सांगत नाही, आणि हिशेब डोक्यात मावावा म्हणून आकडे सोपे करून घेतले आहेत. तार गुंडाळून कॉइल बनवणाऱ्या वाइंडिंग विभागात प्रत्येक कारागिराचं कागदी जॉब कार्ड असायचं. दिवसभरात किती कॉइल झाल्या, ते शिफ्ट संपताना सुपरवायझर त्यावर लिहायचा. व्यवस्थापनाने ठरवलं की आता प्रत्येक कॉइलला बारकोडचं स्टिकर लागेल आणि कॉइल उतरली की कारागिराने ते टॅबलेटवर लगेच स्कॅन करायचं. हेतू रास्त होता. ऑर्डर कुठवर आली हे ऑफिसला कळत नव्हतं, त्यामुळे गिऱ्हाइकाला तारीख देता येत नव्हती.

पहिली पायरी: बदल एका वाक्यात लिहा

वाक्य कारागिराच्या हातातल्या कामाचं हवं. ‘डिजिटायझेशन’ हा शब्द त्यात आला तर कागद फाडून पुन्हा लिहा.

दुसरी पायरी: कोणाकोणाला झळ लागते त्याची यादी करा

यादीत पगार काढणारा क्लार्क आणि स्टोअरवाला हमखास राहून जातात, एवढंच सांगते.

तिसरी पायरी: खरं कारण शोधा

मी सर्वांत जास्त अडले ती इथेच, म्हणून जरा सावकाश.

जॉन कॉटर आणि लिओनार्ड श्लेसिंजर यांनी १९७९ साली विरोधाची चार कारणं मांडली, ती तुम्ही पाठ केलेली असतील. स्वतःचं काहीतरी जाणार असतं. गैरसमज असतो किंवा सांगणाऱ्यावर विश्वास नसतो. या बदलाने फायदा होणार नाही असं प्रामाणिक मत असतं. किंवा बदल झेपण्याची ताकदच कमी असते. यादी चांगली आहे, पण परीक्षेत ती लिहून मुलं थांबतात. तिचा उपयोग पुढे आहे, कारण चारांचे उपाय वेगवेगळे आहेत. गैरसमज असेल तर समजावून सांगितल्याने भागतं. झेपत नसेल तर वेळ आणि हाताखाली मदत द्यावी लागते. मत वेगळं असेल तर आधी ऐकून घ्या, कदाचित त्याचंच बरोबर असेल. आणि काही जाणार असेल, तर हिशेबाला बसावं लागतं. तिथे हजार वेळा समजावलंत तरी काडीचा फरक पडत नाही.

आमच्या कारखान्यात निदान झालं ‘वयस्क कारागीर तंत्रज्ञानाला घाबरतात’. लगेच प्रशिक्षण ठेवलं, चहा-फाफडा झाला, सगळ्यांनी स्कॅन करून दाखवलं. हेच कारागीर जेवणाच्या सुट्टीत यूपीआयने पानाचे पैसे देतात, हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. नंतर विभागात स्कॅन होत होते, पण कसे? पहिली शिफ्ट सात ते साडेतीन. टॅबलेटवरच्या वेळा काढून पाहिल्या, तर दिवसभर शुकशुकाट आणि तीन वाजून पाच ते तीन वाजून वीस मिनिटांच्या दरम्यान प्रत्येकाच्या नावावर आठ-आठ, नऊ-नऊ कॉइल. पंधरा मिनिटांत आठ कॉइल कोणाच्याने होत नाहीत. म्हणजे माणसं दिवसभर आकडा दुसरीकडे लिहून ठेवत होती आणि काय दाखवायचं ते ठरवून शेवटी स्कॅन करत होती. ज्याला यंत्र चालवता येत नाही, तो हे करूच शकत नाही.

अशा खुणा आधी शोधा, मग माणसांशी बोला. प्रश्नावली वाटू नका. ‘मी बदलाचं स्वागत करतो’ या वाक्यापुढे सगळेजण ‘सहमत’वर खूण करतात, कारण कागद शेवटी साहेबाकडेच जाणार हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. ‘तुम्ही विरोध का करता?’ असंही विचारू नका. या प्रश्नावर माणूस एकतर सावध होतो किंवा तुम्हाला ऐकायचं आहे ते सांगतो. त्यापेक्षा मागच्या आठवड्यातला एक वाईट दिवस घ्या आणि तो सकाळपासून सांगायला लावा. मी कॅन्टीनमध्ये दांडिया बाजारात राहणाऱ्या एका जुन्या वाइंडरकाकांपाशी बसले आणि एवढंच म्हणाले, “काका, मंगळवारी काय झालं ते सांगा ना.” तार वेळेवर आली नाही इथपासून त्यांनी सुरुवात केली, आणि शेवटी सहज बोलून गेले, “ताई, स्कॅन करता येतो हो. पण त्या डबड्याला ‘हे उद्यात धरा’ असं सांगता येत नाही.”

त्या एका वाक्यात सगळं होतं. रोजचा नॉर्म आठ कॉइलचा. आठच्या वर प्रत्येक कॉइलला ४० रुपये, पण दिवसाला दोनच कॉइलपर्यंत. समजा सोमवारी तार चांगली मिळाली आणि बारा झाल्या. मंगळवारी तारेसाठी दोन तास बसून राहावं लागलं आणि सहाच झाल्या. जुन्या पद्धतीत सोमवारच्या कार्डावर दहा लागायच्या आणि दोन मंगळवारात धरल्या जायच्या. सोमवारचे ८० रुपये मिळायचे, मंगळवारचे आठ पूर्ण दिसायचे, कोणी जाब विचारायचं नाही. स्कॅनर आल्यावर सोमवारी बारा दिसणार, पैसे तेच ८० मिळणार, आणि ‘बारा होतात तर नॉर्म दहा करा’ असं कोणीतरी म्हणणार ही धास्ती. मंगळवारी सहा दिसणार आणि तार स्टोअरने उशिरा दिली हे कुठेच दिसणार नाही, मेमो मात्र कारागिराला मिळणार.

तेव्हा नुकसान इन्सेन्टिव्हच्या रुपयांत शोधाल तर शून्य दिसेल. गेली ती उशी, वाईट दिवस झाकण्याची सोय. जास्त झालेलं काम मागे ठेवून पडत्या दिवशी दाखवणं ही कारखान्यातली फार जुनी रीत आहे. अमेरिकेत डोनल्ड रॉय या समाजशास्त्रज्ञाने मशीन शॉपमध्ये स्वतः काम करून १९५०च्या दशकात तिच्यावर लिहिलं. व्यवस्थापन याला लबाडी म्हणतं. माझं मत वेगळं आहे: स्टोअरचा गोंधळ इतकी वर्षं कारागीर स्वतःच्या डोक्याने सांभाळत होते.

आणि सुपरवायझर? तो मीटिंगमध्ये मान डोलवायचा आणि फ्लोअरवर टॅबलेट कपाटात ठेवायचा. ‘उद्यात धरायचं’ की नाही हे तोच ठरवायचा, आणि त्या जोरावर रविवारी ओव्हरटाइमला माणसं यायची. स्कॅनरने त्याचा पगार कापला नाही, पण शब्दाचं वजन कापलं. विरोध सर्वांत कमी आवाजात जिथे होतो तिथे आधी पाहा.

चौथी पायरी: जोर वाढवू नका, अडसर काढा

कर्ट लेविनने १९४७ साली मांडलेली कल्पना इथे कामी येते. जैसे थे स्थिती म्हणजे पुढे ढकलणाऱ्या आणि मागे रोखणाऱ्या बलांचा तोल. ढकलणारा जोर वाढवला तर रोखणारे सैल पडत नाहीत, नुसता ताण वाढतो. आमच्याकडे ‘स्कॅन नाही तर इन्सेन्टिव्ह नाही’ असं परिपत्रक निघालं होतं. शिफ्टअखेरीचे ते पंधरा मिनिटांतले स्कॅन त्याचंच फळ.

अडसर काढायचे तर ज्यांची उशी गेली त्यांच्याबरोबरच बसावं लागतं. याचा दाखला १९४८ सालचा आहे. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी व्हर्जिनियातल्या हारवुडच्या पायजमा कारखान्यात कामाची पद्धत बदलताना गट पाडले. ज्या गटाला बदल फक्त कळवला, त्यातल्या १७ टक्के जणी-जणांनी पहिल्या चाळीस दिवसांत नोकरी सोडली आणि उत्पादन घसरलं ते सावरलंच नाही. ज्या गटांत नवं काम आणि दर ठरवताना सगळ्यांना बसवलं, तिथून कोणी गेलं नाही आणि उत्पादन पूर्वीपेक्षा सुमारे १४ टक्के वर गेलं. विद्यार्थी यावरून ‘सहभाग महत्त्वाचा’ एवढंच लिहितात. सहभाग कशात होता ते वाचा: कामाची पद्धत आणि दर यांत. भिंतीचा रंग कोणता असावा हे विचारून सहभाग होत नाही.

आमच्या बैठकीत तीन गोष्टी ठरल्या. नॉर्म रोजच्या ऐवजी आठवड्याचा, म्हणजे सहा दिवसांचे ४८, आणि इन्सेन्टिव्हची मर्यादाही आठवड्यावर, बारा कॉइलची. चांगल्या दिवसाने वाईट दिवस उघडपणे भरून निघू लागला. दुसरी, यंत्र किंवा पद्धत बदलल्याशिवाय सहा महिने नॉर्मला हात लावणार नाही, हे सहीनिशी लेखी. तिसरी, ‘तार नाही’ आणि ‘मशीन बंद’ अशी दोन जादा स्टिकरं. ती स्कॅन झाली की सुपरवायझरने मंजूर करायची आणि तेवढा वेळ नॉर्ममधून वजा. सुपरवायझरच्या शब्दाला पुन्हा किंमत आली आणि स्टोअरचा उशीर पहिल्यांदा कागदावर दिसला. मग अर्थातच स्टोअरवाल्यांनी विरोध सुरू केला. दुसऱ्या पायरीची यादी नीट केली असेल तर याचं नवल वाटत नाही.

पाचवी पायरी: प्रशिक्षण

अर्ध्या तासाचं पुरे.

सहावी पायरी: एका शिफ्टवर चालवून पाहा, मग जुनं कार्ड बंद करा

बंद करण्याची तारीख आधी जाहीर करा आणि पाळा. कार्ड आणि स्कॅनर दोन्ही चालू राहिले तर खरा आकडा कार्डावरच राहतो.

बदल रुजला की नाही, हे कोणाला विचारू नका. पुन्हा स्कॅनच्या वेळा काढा. त्या शिफ्टभर विखुरलेल्या दिसल्या आणि ‘तार नाही’चं स्टिकर अधूनमधून वापरलं जात असेल, तर झालं. ते स्टिकर कोणी कधीच वापरत नसेल, तर सुपरवायझर मंजुरी देत नाही किंवा मागायची भीती आहे. तिसऱ्या पायरीवर परत जा.

या पद्धतीची एक हद्द आहे. बदलाने खरोखरच माणसं कमी होणार असतील तर कॅन्टीनच्या गप्पा आणि स्टिकरं यांनी काही होत नाही, आणि तेव्हा ‘सहभाग’ मागणं म्हणजे त्यांची चेष्टा. शिवाय वेतन, कामाचे तास किंवा कपात घडवू शकणारं यांत्रिकीकरण अशा बाबतीत बदल करण्याआधी कायद्याने २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. औद्योगिक विवाद कायद्याच्या ९अ कलमापासून हा आकडा चालत आला आहे. तिथे युनियनबरोबर टेबलावर बसायचं आणि पहिल्याच बैठकीत किती जागा जाणार तो आकडा सांगायचा.