हिमोग्लोबिन ठीक, तरी रात्री पाय शांत नव्हते

अंथरुणावर पडलं की पोटऱ्यांच्या आतून काहीतरी सळसळायचं. पाय हलवले की बरं वाटायचं, थांबवले की पुन्हा सुरू. हा त्रास म्हणजे रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम. हिमोग्लोबिन 12.8 आलं, त्यामुळे लोह कमी असेल असं कुणाच्या मनातच आलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासायला सांगितलं. ते 22 निघालं. लॅबच्या कागदावर हेही नॉर्मलच होतं! पण या त्रासात फेरिटिन 75 पर्यंत असलं तरी लोह देऊन पाहतात, कारण रक्तात पुरेसं असूनही मेंदूला ते कमी पडू शकतं. (अंगात ताप किंवा संसर्ग असताना हा आकडा फसवा वाढतो.)

डॉक्टरांनी दिलेली गोळी दिवसाआड, रिकाम्या पोटी घेतली. चहा-कॉफी तिच्यापासून लांब ठेवली. फरक पडायला दोन-तीन महिने गेले. तोवर संध्याकाळची कॉफी बंद केली, झोपण्याआधी पोटऱ्या ताणल्या, गरम शेक घेतला. त्याने निदान डोळा लागायचा. सर्दीची गुंगी आणणारी गोळी घेतली की मात्र पाय हमखास चाळवायचे. त्या प्रकारच्या औषधांनी हा त्रास वाढू शकतो, म्हणून ती घेण्याआधी डॉक्टरांना आवर्जून विचारा. आणि तपासणीशिवाय लोह सुरू करू नका, जास्तीचं लोह यकृतात साठत जातं.