अटल पेन्शन की श्रमयोगी मानधन? महिना शंभर-पाचशे भरण्याआधी आणि भरताना काय पाहावे

रिक्षा चालवणारे, शिवणकाम करणारे, भाजीची गाडी लावणारे यांच्या पगारातून कुणी पीएफ कापत नाही. त्यांच्यासाठी केंद्र सरकारच्या दोन ऐच्छिक योजना आहेत. २०१५ साली अटल पेन्शन योजना आली आणि २०१९ मध्ये प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन. दोन्हींत वयाच्या १८ ते ४० या काळातच शिरता येते आणि पेन्शन साठाव्या वर्षी सुरू होते. आयकर भरणाऱ्यांना दोन्हींची दारे बंद आहेत; अटलमध्ये हा नियम १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाला. नावे वेगळी असली तरी वस्तू एकच, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही, आणि खाते उघडण्याआधी हा फरक कळायला हवा.

आधी दोन्हींचा हिशेब शेजारी मांडा

समजा, घरी शिवणकाम करणारी ३० वर्षांची एक बाई आहे. साठीनंतर तिला महिना ३,००० रुपये हवे आहेत. अटलमध्ये त्यासाठी तिला दरमहा ३४७ रुपये भरावे लागतील. श्रमयोगीत याच पेन्शनसाठी १०५ रुपये पुरतात, कारण तेवढेच आणखी १०५ सरकार घालते. आकडे पाहून कुणीही दुसरीकडे वळेल. पण मग एवढ्या थोड्या पैशांत तीच पेन्शन कशी परवडते?

उत्तर मृत्यूनंतरच्या नियमात आहे. श्रमयोगीत पेन्शन चालू असताना ही बाई गेली, तर नवऱ्याला निम्मी, म्हणजे १,५०० रुपये पेन्शन मिळते. तोही गेला की व्यवहार संपला; मुलांच्या हाती काही येत नाही, शिल्लक योजनेच्या निधीत जमा होते. अटलमध्ये तिच्यामागे नवऱ्याला पूर्ण ३,००० मिळत राहतात आणि दोघांनंतर वारसदाराला ५ लाख १० हजार रुपये मिळतात. हजार रुपयांच्या पेन्शनमागे १ लाख ७० हजार, असे ते प्रमाण आहे. थोडक्यात, अटलची पेन्शन म्हणजे साठलेल्या रकमेवरचे व्याज, साधारण सात टक्के. मुद्दल शिल्लक राहते. श्रमयोगीत मुद्दलच पेन्शनच्या रूपाने खाऊन संपवायचे असते.

म्हणून ज्याच्यामागे कुणी नाही, किंवा ज्याला महिन्याला शंभरापलीकडे झेपतच नाही, त्याला श्रमयोगी फायद्याची आहे. वर्षाकाठी ३६,००० मिळायला लागले की ३० वर्षांत भरलेले ३७,८०० रुपये तेराव्या महिन्यात वसूल होतात. मात्र त्यासाठी मासिक उत्पन्न १५,००० रुपयांच्या आत असावे लागते आणि पीएफ, ईएसआयसी किंवा एनपीएसचे सदस्यत्व नसावे लागते. मागे मुले आहेत आणि तीन-चारशे रुपये निघू शकतात, तर माझे मत अटलच्या बाजूने आहे.

रक्कम स्वतः ठरवून जा

अटलमध्ये पेन्शनचे १,००० ते ५,००० असे पाच टप्पे आहेत. बँकांना या खात्यांचे टार्गेट असते, त्यामुळे काउंटरवर बरेचदा हजाराचाच फॉर्म पुढे सरकतो आणि बहुतेक खाती त्याच टप्प्याची आहेत. पाच हजारांसाठी १८ व्या वर्षी महिना २१०, तिसाव्या वर्षी ५७७ आणि चाळिसाव्या वर्षी थेट १,४५४ रुपये लागतात. प्रवेशाच्या वेळचे वय हप्ता ठरवते, म्हणून वाढदिवस जवळ आला असेल तर तो उलटण्याआधीच जाणे बरे.

आपल्या बाईने ५७७ चा हप्ता घेतला, तर ३० वर्षांत तिच्या खिशातून २ लाख ७ हजार ७२० रुपये जातील. त्याबदल्यात वर्षाला ६०,००० आणि शेवटी वारसदाराला साडेआठ लाख. सुमारे आठ टक्के परताव्याचे हे गणित आहे. गुंतवणुकीवर त्याहून जास्त मिळाले तर वाढीव लाभ खातेदाराचा, कमी पडले तर भरपाई सरकारची.

आता कडू बाजू. ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. महागाई सरासरी सहा टक्के धरली, तर ३० वर्षांनी हातात येणाऱ्या पाच हजारांची किंमत आजच्या साधारण ८७० रुपयांएवढी असेल. तेवढ्यावर घर चालणार नाही. औषधपाणी, लाइट बिल असा एखादा खर्च भागेल, इतपतच तिचा भरवसा धरावा. म्हणूनच हजाराच्या टप्प्यावर थांबण्यात फारसा अर्थ दिसत नाही. टप्पा वर्षातून एकदा वाढवता किंवा कमी करता येतो. नवरा-बायको दोघे पात्र असतील, तर प्रत्येकाचे वेगळे खाते काढावे.

खाते उघडताना

अटलसाठी ज्या बँकेत किंवा पोस्टात बचत खाते आहे तिथे जा. श्रमयोगीची नोंदणी सीएससी केंद्रावर होते. आधार, पासबुक आणि मोबाइल नंबर लागतो. फॉर्मवर जोडीदाराचे आणि वारसदाराचे नाव आधारवर आहे तसेच लिहा. लग्नाआधी खाते काढले असेल, तर लग्नानंतर जोडीदाराचे नाव आवर्जून घालून घ्या. नोंद झाल्यावर अटलमध्ये ‘प्रान’ नावाचा कायम क्रमांक मिळतो. तो पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि घरात कुणाला तरी सांगा. खातेच माहीत नसेल तर दावा कोण करणार?

हप्ता कापला जातो का, ते बघत राहा

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. हप्ता बचत खात्यातून आपोआप जातो, पण शिल्लक नसेल तर राहून जातो. थकलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड लागतो. ५७७ च्या हप्त्याला सहा रुपये. दंड किरकोळ आहे. खरा फटका पुढे बसतो. चार-पाच महिने थकले आणि मग खात्यात पैसे आले, की सगळे हप्ते एकदम कापले जातात आणि शाळेच्या फीसाठी ठेवलेली रक्कम गायब होते. पासबुकात अचानक मोठी कपात दिसली तर कारण बहुधा हेच. ज्यांचे काम हंगामी आहे त्यांनी तिमाही किंवा सहामाही हप्ता निवडावा. एकूण रक्कमही थोडी कमी भरते.

मध्येच सोडावे लागले तर

अटलमधून साठीआधी बाहेर पडल्यास स्वतः भरलेली रक्कम आणि तिच्यावर प्रत्यक्ष मिळालेले उत्पन्न, खात्याचा खर्च वजा करून, परत मिळते. पेन्शनची हमी तिथेच संपते. श्रमयोगी दहा वर्षांच्या आत सोडली तर आपला हिस्सा फक्त बचत खात्याच्या व्याजाने परत येतो. खातेदार साठीआधी वारला, तर दोन्ही योजनांत जोडीदाराला हप्ते पुढे भरत राहण्याची मुभा आहे. अटलमध्ये उरलेली वर्षे भरली, तर साठीनंतरची पेन्शन पूर्ण मिळते. त्यामुळे दुःखाच्या घाईत खाते बंद करून पैसे उचलण्याआधी किती वर्षे उरली आहेत, ते मोजून बघावे.

साठ पूर्ण झाली की पेन्शनसाठी बँकेत अर्ज द्यावा लागतो. पेन्शन ज्या बचत खात्यात यायची ते व्यवहाराअभावी निष्क्रिय झालेले नाही ना आणि त्याची केवायसी झालेली आहे ना, हे काही महिने आधीच तपासून घ्या.