उघड्या कॅबिनेटच्या छायाचित्रावरून रॅम आणि इतर सुटे भाग कसे ओळखावेत

कॅबिनेट उघडून काढलेले छायाचित्र पाहिले की नजर सर्वांत आधी रंगीत, चकचकीत गोष्टींकडे जाते. ओळख पटवण्याच्या कामी मात्र त्या फारशा उपयोगी पडत नाहीत. रॅमवरचे धातूचे आवरण, ग्राफिक्स कार्डाचे पंखे किंवा स्लॉटचा रंग एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या पिढ्यांतही सारखा असू शकतो. भाग मदरबोर्डाला जिथे जोडला जातो, ती जागा मात्र ठरलेल्या मानकाप्रमाणेच बनवावी लागते आणि तिथे निर्मात्याच्या आवडीनिवडीला वाव नसतो. म्हणून ओळखण्याचे काम नेहमी जोडणीपासून सुरू करावे. येथे मुख्यतः रॅमची पद्धत सविस्तर दिली आहे, कारण चुकीची रॅम विकत घेतली जाण्याचे प्रकार सर्वांत जास्त घडतात. एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड यांच्याविषयी आवश्यक तेवढेच सांगितले आहे.

रॅमची खाच कुठे आहे ते पाहावे

डेस्कटॉपच्या रॅमची पट्टी कोणत्याही पिढीची असली, तरी तिची लांबी सुमारे १३३ मिलिमीटरच असते. फरक असतो तो खालच्या सोनेरी कडेवरील खाचेच्या जागेत. डीडीआर-३ पट्टीच्या एका बाजूला २४० पैकी १२० संपर्क, म्हणजे सोनेरी रेघा, असतात आणि खाच त्यांचे ४८ व ७२ असे दोन भाग करते. डीडीआर-४ मध्ये एकूण २८८ संपर्क असतात. त्यामुळे एका बाजूला १४४ येतात आणि खाच त्यांची ६७ व ७७ अशी विभागणी करते. म्हणजेच डीडीआर-३ ची खाच स्पष्टपणे एका टोकाकडे सरकलेली असते, तर डीडीआर-४ ची मध्याच्या बरीच जवळ असते. डीडीआर-५ मध्ये ती मध्याच्या आणखी जवळ येते.

अडचण अशी की पट्टी स्लॉटमध्ये बसलेली असताना ही खाच दिसतच नाही. अशा वेळी पट्टीकडे न पाहता शेजारच्या रिकाम्या स्लॉटकडे पाहावे. खाचेत बसणारा प्लॅस्टिकचा आडवा उंचवटा तिथे उघडा दिसतो आणि त्याची जागा तीच असते. स्लॉट प्रोसेसरच्या शेजारी, लांबट आणि एकमेकांना समांतर असतात, तेव्हा ते शोधणे अवघड नाही. दोन स्लॉट काळे आणि दोन निळे असतील, तर त्या रंगांवरून फक्त जोडीने पट्ट्या कुठे बसवायच्या एवढेच कळते. रॅमच्या पिढीशी रंगांचा संबंध नसतो.

आता मोजमाप करावे. छायाचित्र साध्या चित्र-संपादकात उघडले की कर्सरची जागा पिक्सेलमध्ये दिसते. स्लॉटच्या खोबणीच्या एका टोकापासून उंचवट्याच्या मध्यापर्यंतचे आणि तिथून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर नोंदवावे. टोकांच्या खटक्या मापात धरू नयेत. लहान अंतराला मोठ्या अंतराने भागावे. उत्तर ०.६७ ते ०.७० च्या आसपास आले तर स्लॉट डीडीआर-३ चा असावा आणि ०.८७ च्या आसपास आले तर डीडीआर-४ चा असावा.

छायाचित्र तिरके असेल तर उत्तर चुकते

ही पद्धत एका जागी हमखास फसवते आणि माझ्या बाबतीत तसे घडलेही आहे. एका मित्राने सात वर्षे वापरलेल्या डेस्कटॉपचे छायाचित्र पाठवून कोणती रॅम घ्यावी असे विचारले होते. चार स्लॉटांपैकी दोन रिकामे होते, दोघांत आवरण घातलेल्या पट्ट्या होत्या आणि त्यांवरचे स्टिकर दिसत नव्हते. मी रिकाम्या स्लॉटचे मोजमाप घेतले, तर ५०५ आणि ३४७ पिक्सेल आले. भागाकार ०.६९ आला आणि डीडीआर-३ असा निष्कर्ष काढण्याचा मोह झाला.

पण छायाचित्र बाजूने काढलेले होते. छायाचित्रात चारही स्लॉटांच्या रांगेची रुंदी जवळच्या टोकाला २१० पिक्सेल आणि लांबच्या टोकाला १६४ पिक्सेल होती. प्रत्यक्षात ही रुंदी दोन्हीकडे सारखीच असते. याचा अर्थ लांबचा भाग बराच आक्रसलेला दिसत होता आणि नेमका लहान भागच लांबच्या बाजूला होता. मित्राला नेमके वरून, अर्धा मीटर अंतर ठेवून आणि झूम वापरून दुसरे छायाचित्र काढायला सांगितले. त्यात रांगेची रुंदी १९० आणि १८६ पिक्सेल आली, आणि स्लॉटची अंतरे ४९२ व ४३१ भरली. भागाकार ०.८८ झाला. डीडीआर-३ हा पर्याय तिथेच बाद झाला.

म्हणून मोजमापाआधी रांगेची दोन्ही टोकांची रुंदी तपासण्याची सवय लावावी. फरक पाच टक्क्यांहून अधिक असेल, तर भागाकारावर विश्वास न ठेवता नवे छायाचित्र मागवावे. मोबाईल अगदी जवळ नेऊन काढलेल्या छायाचित्रात हा दोष जास्त येतो.

०.८८ या उत्तराने डीडीआर-४ सिद्ध होत नाही, हेही लक्षात ठेवावे. जुन्या डीडीआर-२ स्लॉटचा उंचवटाही जवळपास त्याच जागी असतो आणि डीडीआर-५ चा त्याहून थोडासाच पुढे असतो. इथे बोर्डावरच्या इतर खुणा मदतीला येतात. मित्राच्या बोर्डावर पट्टीसारखी छोटी एसएसडी बसवण्याचा एम.२ स्लॉट होता, म्हणजे तो डीडीआर-२ च्या काळातला असणे शक्य नव्हते. डीडीआर-५ रॅम घरगुती डेस्कटॉपमध्ये २०२१ च्या अखेरीस आली, आणि हे यंत्र त्याच्या आधीचे होते. उरली ती डीडीआर-४.

स्टिकर दिसत असेल तर तो वाचावा

पट्टीवरचा स्टिकर वाचता येत असेल, तर मोजमापाची गरज उरत नाही. स्टिकरवर बहुधा अशी ओळ असते:

```
8GB 1Rx8 PC4-2666V-UA2-11
```

यातील `PC4` म्हणजे डीडीआर-४. जिथे `PC3` असेल ती पट्टी डीडीआर-३ ची असते. `2666` हा वेग आहे. `UA2` मधील पहिले अक्षर `U` असल्याने ही साध्या डेस्कटॉपची पट्टी आहे. त्या जागी `R` असेल, तर ती सर्व्हरसाठीची असते आणि सर्वसाधारण डेस्कटॉपमध्ये चालत नाही. काही स्टिकरांवर `PC3-12800` किंवा `PC4-21300` असा मोठा आकडा असतो. तो प्रति सेकंद किती मेगाबाइट माहिती जाते हे सांगतो आणि त्याला ८ ने भागले की ओळखीचा वेग मिळतो, म्हणजे १२८०० चे १६०० आणि २१३०० चे साधारण २६६६.

क्षमता मात्र स्टिकरशिवाय छायाचित्रावरून सांगू नये. पट्टीवर आठ चिप असल्या, तरी ती ८ जीबीचीही असू शकते आणि १६ जीबीचीही. चिप मोजून क्षमतेचा अंदाज करणे हा निव्वळ जुगार आहे.

यंत्र सुरू होत असेल, तर खात्री करून घेणे केव्हाही चांगले. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ही आज्ञा द्यावी:

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory |
 Select-Object PartNumber, SMBIOSMemoryType, Capacity
```

`SMBIOSMemoryType` खाली २४ आले तर डीडीआर-३, २६ आले तर डीडीआर-४ आणि ३४ आले तर डीडीआर-५ समजावे. मित्राच्या यंत्रावर २६ आले.

एम.२ एसएसडी

त्याच छायाचित्रात ग्राफिक्स कार्डाच्या खाली, बोर्डाला समांतर आडवी बसलेली आणि एका टोकाला एकाच स्क्रूने धरलेली छोटी पट्टी दिसत होती. रुंदी २२ आणि लांबी बहुधा ८० मिलिमीटर असलेली अशी पट्टी एम.२ एसएसडी असते. तिच्यापेक्षा बरीच आखूड, आणि दोन बारीक काळ्या तारा जोडलेली पट्टी दिसली, तर ते वाय-फाय कार्ड असते. हा घोटाळा पुष्कळदा होतो.

एसएसडी सापडल्यावर खरा प्रश्न उरतो तो ती साटा या जुन्या, संथ पद्धतीची आहे की एनव्हीएमई या नव्या, वेगवान पद्धतीची याचा, कारण दोन्ही दिसायला सारख्याच असतात. स्टिकरवर तसे छापलेले असेल तर उत्तम. नसेल, तर यंत्राचा वीजपुरवठा काढून स्क्रू सोडवावा. पट्टीचे टोक आपोआप वर उचलले जाते आणि ती अलगद बाहेर काढून सोनेरी कडेचे छायाचित्र घ्यावे. एकच खाच असेल आणि तिच्या एका बाजूला जेमतेम पाच संपर्क सुटलेले असतील, तर ती बहुतेक एनव्हीएमई असते. दोन खाचा असतील, तर ती बहुधा साटा असते. येथे 'बहुधा' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण दोन खाचांच्या काही एनव्हीएमई पट्ट्याही बनलेल्या आहेत. अंतिम निर्णय आज्ञेवरच सोडावा:

```
Get-PhysicalDisk | Select-Object FriendlyName, BusType
```

मित्राच्या पट्टीला दोन खाचा होत्या आणि `BusType` खाली `SATA` आले. तेव्हा ती बदलून एनव्हीएमई घ्यायची, तर त्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई चालते का हे मदरबोर्डाच्या माहितीपुस्तिकेतच पाहावे लागले असते, कारण छायाचित्रावरून ते कळत नाही.

ग्राफिक्स कार्ड

ग्राफिक्स कार्ड सुमारे ८९ मिलिमीटर लांबीच्या स्लॉटमध्ये बसते आणि त्याचे पोर्ट कॅबिनेटच्या मागच्या बाजूला उघडतात. कार्ड आहे हे ओळखणे त्यामुळे सोपे असते. नेमके कोणते कार्ड, हे मात्र पंखे मोजून ठरवता येत नाही, कारण एकच कूलर वेगवेगळ्या चिपवर बसवला जातो. म्हणून कार्डाच्या पाठीवरच्या स्टिकरचे स्वतंत्र, जवळून काढलेले छायाचित्र घ्यावे. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून कार्डाच्या हार्डवेअर आयडीही पाहाव्यात. `VEN_10DE` म्हणजे एनव्हिडिया आणि `VEN_1002` म्हणजे एएमडी. उदाहरणार्थ, `VEN_10DE&DEV_1C82` हा आयडी जीटीएक्स १०५० टीआयचा आहे.

वापरलेले कार्ड घेताना छायाचित्रात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते. जुन्या कार्डाचे बायोस, म्हणजे त्याच्या आतले मूळ सॉफ्टवेअर, बदलून ते १०५० टीआय म्हणून विकले जाते आणि अशा वेळी आयडीही खोटा दिसू शकतो. जीटीएक्स १०५० टीआयची चिप अ‍ॅनालॉग व्हीजीए संदेश देतच नाही. त्यामुळे त्या नावाच्या कार्डावर १५ छिद्रांचा निळा व्हीजीए पोर्ट दिसला, तर कार्ड जुने असल्याचा दाट संशय धरावा आणि चाचणी झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.