बिलात नग आणि दर दोन्ही पर्चेस ऑर्डरपेक्षा वेगळे: खुलाशाचा ईमेल कसा लिहावा

पर्चेस ऑर्डर १,२०,०००ची आणि बिल १,२०,९६०चं. फरक अवघा ९६०, म्हणजे एक टक्काही नाही, त्यामुळे बिल पाठवणाऱ्याला खुलाशाची गरज वाटत नाही. पण ग्राहकाच्या अकाउंट्स विभागात बिल एकूण रकमेवर तपासत नाहीत, ओळीनुसार तपासतात. ऑर्डरमध्ये ५०० नग, दर २४०. बिलात ४८० नग, दर २५२. नग ४ टक्क्यांनी कमी आणि दर ५ टक्क्यांनी जास्त. ओळीतल्या दोन्ही आकड्यांवर आक्षेप येतो आणि बिल थांबतं. असा खुलासा विक्रेत्याने कसा लिहायचा, ते याच उदाहरणावरून पाहू.

आधी तिसरा आकडा शोधा

ईमेल लिहायला बसण्याआधी ग्राहकाच्या गोदामात किती माल जमा झाला, हे पाहा. अकाउंट्स विभाग ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल अशी तीन कागदांची पडताळणी करतो. तुमच्या डिलिव्हरी चलनावर ४८० असेल, पण गोदामाने चार नग फुटलेले म्हणून ४७६च घेतले असतील, तर ४८०चा खुलासा कितीही चांगला लिहा, बिल पुन्हा अडकणार. सही-शिक्क्याची चलनाची प्रत काढा आणि तिच्यावर पेनाने काही शेरा मारलाय का, ते बघा. फुटलेल्या मालाचा आकडा अनेकदा तिथेच असतो.

याच वेळी एककही तपासा. ऑर्डर डझनात आणि बिल नगात असेल तर नग आणि दर दोन्ही वेगळे दिसतात, पण तफावत मुळात नसतेच. तिथे एका ओळीचा खुलासा पुरतो. रकमांची तुलना करताना कर आणि वाहतूक खर्च बाजूला ठेवून फक्त मालाची मूळ किंमत घ्या, नाहीतर फरक कुठून आला ते कळत नाही.

फरकाचे दोन तुकडे करा

हा ईमेलचा गाभा आहे. ९६० हा आकडा कुठल्याच एका कारणाचा नाही, म्हणून तो तसाच समजावता येत नाही. नगांचा फरक ऑर्डरच्या दराने काढायचा: २० नग कमी × २४० = ४,८०० कमी. दराचा फरक बिलातल्या नगांवर काढायचा: १२ जास्त × ४८० = ५,७६० जास्त. दोन्हींची बेरीज बरोबर ९६० येते. हिशोब याच पद्धतीने करा. दराचा फरक ५०० नगांवर काढलात तर ६,००० येतील आणि बेरीज जुळणार नाही. वाचणाऱ्याने ती एकदा करून पाहिली आणि चुकली, तर पुढच्या कारणांवर त्याचा विश्वास बसत नाही.

प्रत्येक तुकड्याला एक कारण, एक पुरावा

आपल्या उदाहरणात नग कमी होण्याचं कारण पॅकिंग आहे. एका खोक्यात २४ नग बसतात, २० खोक्यांत ४८०. पाचशेला २४ने भाग जात नाही, म्हणून पूर्ण खोकीच पाठवली. उरलेल्या २० नगांचं काय, हे मात्र ईमेलमध्ये आलंच पाहिजे. ते लिहिलं नाही, तर ऑर्डर उघडी राहते आणि ग्राहक उरलेल्या मालाची वाट पाहत बसतो.

दराचं कारण लिहिताना ‘दर वाढले आहेत’ एवढं पुरत नाही. प्रश्न असतो तो मान्यता कुणी दिली आणि केव्हा दिली हा. इथे २४० दराच्या कोटेशनची मुदत ३१ मार्चला संपली होती, ऑर्डर ९ एप्रिलला आली, १० तारखेला विक्रेत्याने २५२ दराने ऑर्डर स्वीकारल्याचं कळवलं आणि ११ तारखेला खरेदी विभागाने ईमेलने होकार दिला. हा होकार म्हणजे तुमचा खरा पुरावा. ऑर्डरमध्ये मात्र जुनाच दर राहिला, कारण ती दुरुस्त करायचं राहून गेलं.

लेखी होकार नसेल तर वाद घालू नका. दर मान्य होतो का, एवढं विचारा आणि नाही म्हणाले तर ५,७६०ची क्रेडिट नोट द्यायची तयारी ठेवा. तसंच नगांनुसार दर ठरलेला असेल, म्हणजे ५०० किंवा त्याहून जास्त नगांना २४० आणि त्याखाली २५२, आणि नग तुम्हीच पॅकिंगसाठी कमी केले असतील, तर वाढीव दर लावणं गैर आहे. तिथे खुलासा न लिहिता सरळ क्रेडिट नोट काढा.

कुणाला पाठवायचा

बिल अकाउंट्स अडवतं, पण ऑर्डर दुरुस्त करण्याचा अधिकार सहसा खरेदी विभागाकडे असतो. म्हणून ईमेल दोघांनाही एकत्रच जाऊ द्या. वेगवेगळे पाठवले तर दोन्ही विभाग एकमेकांच्या उत्तरासाठी थांबतात. विषयाच्या ओळीत ऑर्डर आणि बिलाचे क्रमांक, तफावत आणि तुमची मागणी, चारही गोष्टी हव्यात.

> विषय: पीओ ४४७१ / बिल २०८६: नग ५०० ऐवजी ४८०, दर २४० ऐवजी २५२, पीओ दुरुस्तीची विनंती
>
> नमस्कार,
>
> आमचे दि. १८ एप्रिलचे बिल २०८६ आपल्या पीओ ४४७१शी नग आणि दर या दोन्ही बाबतींत जुळत नाही. कारणे व हिशोब पुढीलप्रमाणे (सर्व रकमा कर वगळून):
>
> नग: हा माल २४ नगांच्या खोक्यात येतो. २० पूर्ण खोकी, म्हणजे ४८० नग पाठवले. आपल्या गोदामाची पोच ४८० नगांचीच आहे. फरक: २० × २४० = ४,८०० कमी.
>
> दर: २४० दराच्या कोटेशनची मुदत ३१ मार्चला संपली होती. २५२ हा दर आम्ही १० एप्रिलला कळवला व आपल्या खरेदी विभागाने ११ एप्रिलच्या ईमेलने तो मान्य केला. फरक: १२ × ४८० = ५,७६० जास्त.
>
> एकूण फरक: ९६० जास्त.
>
> विनंती: पीओमध्ये ४८० नग व २५२ दर अशी दुरुस्ती करून उरलेले २० नग रद्द करावेत. ते २० नग हवे असल्यास तसे कळवावे, स्वतंत्र बिलाने पाठवू. दुरुस्त पीओ २६ एप्रिलपर्यंत मिळाल्यास बिलात बदल करावा लागणार नाही.
>
> सोबत: पीओ, सही केलेले डिलिव्हरी चलन, ११ एप्रिलचा मान्यतेचा ईमेल.
>
> आपला,

‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ने सुरुवात करायची सवय इथे सोडा. पहिल्याच वाक्यात कुठलं बिल आणि काय जुळत नाही, ते यायला हवं. मान्यतेचा ईमेल जोडताना मूळ ईमेलच जोडा, त्यातला मजकूर कापून चिकटवू नका, कारण तारीख आणि पाठवणारा त्याशिवाय सिद्ध होत नाही.

उत्तर आल्यावर

दोन्ही दुरुस्त्या मान्य झाल्या तर सुधारित ऑर्डरची प्रत मागवा आणि तिच्यात ४८० आणि २५२ दोन्ही आलेत का, ते वाचून पाहा. अनेकदा एकच आकडा बदललेला असतो. नग मान्य, दर अमान्य असं उत्तर आलं तर ५,७६०ची आणि तिच्यावरच्या कराची क्रेडिट नोट द्या. देणं १,१५,२०० अधिक कर, म्हणजे ४८० नग जुन्या दराने. त्याच क्रमांकाचं बदललेलं बिल मात्र कधीच पाठवू नका. एका क्रमांकाची दोन बिलं ग्राहकाकडे पोहोचली की दुसरं दुबार म्हणून नाकारलं जातं आणि तुमच्या स्वतःच्या खातेवहीतही घोळ होतो.

पैसे देण्याची मुदत मूळ बिलाच्या तारखेपासून मोजणार की दुरुस्तीच्या, हेही त्याच ईमेलच्या उत्तरात लेखी विचारून घ्या.